राउटरच्या यादीतले अनोळखी पाहुणे

घरातलं इंटरनेट मंदावलं की हल्ली कुणीतरी कंपनीचं अ‍ॅप उघडतं आणि ‘Connected Devices’ नावाच्या यादीवर बोट ठेवून विचारतं, “हे कोण आहे?” यादीत सतरा ओळी असतात. घरात माणसं चार. काही नावं ओळखीची वाटतात, एक-दोन ठिकाणी नावाच्या जागी नुसती फुली किंवा `unknown` असतं, आणि एखाद्या ओळीत भलत्याच चिनी कंपनीचं नाव दिसतं. मग शेजाऱ्यांवर संशय, केबलवाल्याला फोन आणि रात्रभर राउटर बंद, असा क्रम सुरू होतो.

या अनोळखी ओळींपैकी बहुतेक आपल्याच घरातल्या वस्तू असतात. सगळ्याच असतात असं मात्र नाही, आणि नुसती नावं वाचून दोहोंतला फरक कळत नाही. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत येणारा माणूस स्वतःचं नाव स्वतःच लिहितो आणि वॉचमन ते तपासत बसत नाही. राउटरच्या यादीतला नावाचा रकानाही तसाच भरला जातो. जोडलं जाणारं यंत्र राउटरकडे पत्ता मागतं आणि मागताना ‘मी अमुक’ असं सांगतं. राउटर ते उतरवून घेतो. यंत्राने काहीच सांगितलं नाही तर रकाना रिकामा राहतो. त्यामुळे नाव नसणं हा काही चोरीचा पुरावा नाही. कित्येक अँड्रॉइड फोन बाय डिफॉल्ट नाव सांगतच नाहीत. उलट, घुसखोराने आपल्या लॅपटॉपला `Samsung-TV` असं नाव दिलं असेल, तर यादीत तो टीव्ही म्हणूनच शोभून दिसेल.

मग पाहायचं काय? राउटरचं पान उघडलं (ब्राउझरमध्ये `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, जिओफायबरच्या राउटरला `192.168.29.1`) की प्रत्येक ओळीत नावाशिवाय आणखी दोन गोष्टी असतात. एक असतो आयपी पत्ता. तो राउटरनेच वाटलेला तात्पुरता क्रमांक असतो, ओळख पटवायला त्याचा फारसा उपयोग नाही. दुसरा असतो मॅक पत्ता: दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गासारखे ठिपके. खरी माहिती इथे आहे. यादीतल्या दोन ओळी समोर ठेवू:

```
ESP_3F91C2   192.168.1.14   84:F3:EB:3F:91:C2   2.4G
*            192.168.1.9    DA:41:7C:0E:55:B3   5G
```

मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्या म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक. आयईईई ही अमेरिकी संस्था हे क्रमांक कंपन्यांना वाटते आणि त्याची नोंदवही सगळ्यांना खुली आहे. वरच्या पहिल्या ओळीतला `84:F3:EB` शोधला तर उत्तर येतं एस्प्रेसिफ, शांघाय. हे नाव वाचून पुष्कळांची झोप उडते. पण एस्प्रेसिफ ही वायफायची स्वस्त चिप बनवणारी कंपनी आहे. तिची २०१४ साली आलेली ईएसपी८२६६ ही चिप आणि तिची पुढची भावंडं स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग, वायफायवर चालणारे गीझरचे स्विच, पंखे अशा असंख्य वस्तूंमध्ये बसवलेली असतात. डब्यावर ओळखीच्या भारतीय कंपनीचं नाव असतं, आत शांघायची चिप असते, आणि राउटरला दिसते फक्त चिप. अशा चिपला वस्तू बनवणाऱ्याने वेगळं नाव दिलं नसेल तर ती `ESP_` आणि स्वतःच्या मॅक पत्त्याची शेवटची सहा अक्षरं एवढंच सांगते. वरची ओळ पुन्हा पाहा: नावातले `3F91C2` आणि पत्त्याच्या शेवटच्या तीन जोड्या तंतोतंत जुळतात. शिवाय ही चिप २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच चालते. यादीत अशी ओळ दिसली तर शेजारच्या मुलाकडे पाहण्याआधी घरातले बल्ब मोजावेत.

लॅपटॉपचंही तेच. डेल किंवा एचपी शोधत बसलात तर यादीत ते नाव सापडेलच असं नाही, कारण वायफायचं कार्ड वेगळ्या कंपनीचं असतं. इंटेल, अ‍ॅझ्युअरवेव्ह, लाइट-ऑन, मुराता, होन हाय ही सगळी कार्ड किंवा सुटे भाग बनवणाऱ्यांची नावं. यातलं होन हाय म्हणजे आयफोन जुळवणारी फॉक्सकॉन. ‘चोंगछिंग फुगुई’ असं काही दिसलं तरी तो बहुधा कुणाचा तरी ऑफिसचा लॅपटॉप असतो.

आता दुसरी ओळ. `DA:41:7C` नोंदवहीत शोधलात तर काहीच सापडणार नाही. इथे माणसं सर्वांत जास्त घाबरतात: नाव नाही, कंपनीही नाही, म्हणजे कुणीतरी लपूनछपून आलंय. खरं तर तो जवळजवळ नक्कीच एक साधा फोन असतो. पूर्वी फोनचा मॅक पत्ता कारखान्यात ठरे आणि मरेपर्यंत तोच राही. त्यामुळे मॉल, विमानतळ, हॉटेल इथले वायफाय यंत्रणावाले त्या पत्त्यावरून माणूस कुठे कुठे फिरला याचा माग काढू शकत. म्हणून २०१९ साली अँड्रॉइड १० पासून आणि २०२० साली आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी एक बनावट पत्ता तयार करू लागले. बनावट असल्याने तो कुठल्याच कंपनीच्या नावावर नसतो. तो ओळखायची खूण मात्र सोपी आहे. पत्त्यातलं दुसरं अक्षर पाहा. ते `2`, `6`, `A` किंवा `E` असेल तर पत्ता यंत्राने स्वतः बनवलेला आहे. `DA` मध्ये दुसरं अक्षर `A`. झालं.

आपली यादी फुगते ती बरीचशी याच सोयीमुळे. फोन हा बनावट पत्ता वायफायच्या नावागणिक वेगळा बनवतो. तुमच्या राउटरवर `Kulkarni` आणि `Kulkarni_5G` अशी दोन नावं असतील, तर एकच फोन एका नावाला एक पत्ता दाखवतो आणि दुसऱ्या नावाला दुसरा. हॉलमधून बेडरूममध्ये जाताना फोनने पट्टा बदलला की यादीत नवी ओळ. फोन फॅक्टरी रीसेट केला की आणखी एक. आयओएस १८ पासून तर आयफोनमध्ये ठरावीक काळाने पत्ता बदलत राहायचीही सोय आहे. लॅपटॉप केबलने आणि वायफायने असा दोन्हीकडून जोडला असेल तर त्याच्याही दोन ओळी. मधल्या खोलीत सिग्नल वाढवणारा एक्स्टेंडर लावला असेल, तर त्याच्या मागच्या यंत्रांचे पत्ते काही मॉडेल बदलून पुढे पाठवतात. तेव्हा ओळी मोजून घरातल्या यंत्रांशी ताळा करू गेलात तर तो कधीच बसणार नाही.

ताळा न बसण्याचं आणखी एक कारण फार कमी जणांना माहीत असतं. राउटरमध्ये एक यादी नसते, किमान दोन असतात. एक डीएचसीपीची, म्हणजे कुणाकुणाला पत्ता दिला त्याची. हा पत्ता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिलेला असतो. बऱ्याच राउटरवर ही मुदत २४ तासांची असते. काल संध्याकाळी आलेले पाहुणे जेवून घरी गेले, तरी त्यांचे फोन आज दुपारपर्यंत या यादीत बसून असतात. दुसरी यादी आत्ता या क्षणी रेडिओवर कोण आहे त्याची. राउटरच्या पानावर ती ‘वायरलेस’ भागात `Wireless Clients`, `Station List` किंवा `Wireless Statistics` अशा नावाखाली सापडते. संशय असेल तेव्हा ही दुसरी पाहायची. तिच्यात बऱ्याचदा सिग्नलची ताकदही दिलेली असते, उणे आकड्यांत: −४० म्हणजे यंत्र राउटरच्या जवळपास, −५५ ते −६५ म्हणजे शेजारच्या खोलीत, −८० म्हणजे दोन-तीन भिंतींपलीकडे. कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये या दोन याद्यांची अनेकदा सरमिसळ केलेली असते, जुनी गिऱ्हाइकंही राखाडी रंगात ठेवलेली असतात. त्यामुळे शोधकामाला अ‍ॅपपेक्षा ब्राउझरमधलं पान बरं.

हे सगळं एका घरात कसं उलगडत गेलं ते सांगतो. नाशिकला माझ्या मावसबहिणीच्या घरी यादीत सतरा ओळी होत्या आणि भाऊजींच्या मते त्यातल्या निम्म्या ‘बाहेरच्या’. पहिलं काम म्हणून राउटर बंद करून पुन्हा चालू केला आणि सगळी यंत्रं जोडली जाईपर्यंत पंधरा मिनिटं थांबलो. जुन्या नोंदी गळाल्या, उरल्या अकरा. चौघांचे फोन, भाचीचा लॅपटॉप, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि प्रिंटर अशा आठ ओळी सहज लागल्या. फोनांवर नाव नव्हतं, पण प्रत्येक फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन, जोडलेल्या वायफायच्या नावाशेजारची खूण दाबली की तो या वायफायला दाखवत असलेला पत्ता तिथे लिहिलेला असतो. तो यादीशी जुळवला. लक्षात ठेवायचं ते एवढंच की ‘अबाउट फोन’मधला पत्ता इथे कामाचा नाही. तो कारखान्यातला असू शकतो, आणि तो घेऊन बसलात तर स्वतःचाच फोन परका ठरतो.

उरल्या तीन. पहिलीचं नाव `PNQ-L-20417` आणि कार्डाची कंपनी ती चोंगछिंगची. भाऊजींचा सगळ्यात मोठा संशय हिच्यावर. PNQ हे पुणे विमानतळाचं लघुरूप आहे, आणि पुण्यातल्या कितीतरी कंपन्या आपल्या यंत्रांना असेच क्रमांक देतात. भाऊजींच्याच ऑफिसच्या लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून हे टाइप केलं:

```
ipconfig /all
```

वरच्याच ओळीत `Host Name` पुढे तेच नाव आणि खाली वायफायच्या भागात `Physical Address` म्हणून तोच पत्ता. फरक इतकाच की विंडोज जोड्यांमध्ये ठिपक्यांऐवजी आडव्या रेघा देतं. म्हणजे भाऊजी स्वतःवरच संशय घेत होते. त्यांनी चहा ओतता ओतता विषय बदलला.

दुसरी ओळ `ESP_` वाली. घरात स्मार्ट बल्ब एकही नाही, स्मार्ट प्लग नाही, ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असं सगळ्यांचं एकमत. अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा ओळीच्या सवयी पाहाव्यात. ही ओळ दिवसभर होती. संध्याकाळी अंधार पडल्यावर गेली. सकाळी उजाडल्यावर पुन्हा आली. सूर्याबरोबर उगवणारं आणि मावळणारं यंत्र घरात एकच होतं: गच्चीवरच्या सोलर पॅनलचा इन्व्हर्टर. त्याच्या बुडाशी एक छोटी वायफायची कांडी खोचलेली असते, आज किती युनिट झाले ते ती मोबाइल अ‍ॅपला कळवते. बॅटरी नसलेल्या अशा बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये या कांडीला वीज इन्व्हर्टरमधूनच मिळते, पॅनल झोपले की तीही झोपते. बसवायला आलेल्या माणसाने पासवर्ड विचारून ती जोडून दिली होती आणि घरातले विसरून गेले होते. अलीकडे गच्चीवर पॅनल बसलेल्या घरांनी यादी पाहताना ही कांडी आधी आठवावी. तसंच पाणी शुद्ध करणारं यंत्र, एसी, दारावरची बेल, सीसीटीव्हीचा डबा यांचंही. ही सगळी जोडून देणारा माणूस बाहेरचा असतो, म्हणून ती घरच्यांच्या आठवणीत राहत नाहीत.

तिसरी ओळ राहिली ती `DA` ने सुरू होणारी. दुसरं अक्षर `A`, म्हणजे बहुधा फोन. मग वजाबाकी केली. घरातल्या चारही फोनांचं वायफाय बंद केलं, दहा मिनिटं थांबलो आणि रेडिओवरची यादी ताजी केली. थांबणं महत्त्वाचं आहे, कारण यंत्र गेलं तरी राउटर लगेच नाव खोडत नाही. चार ओळी गेल्या. ही राहिली. सिग्नल −७८, घरातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा क्षीण. टॅब, घड्याळ, जुना ड्रॉवरमधला फोन असं काही आहे का ते पाहून झालं. नव्हतं. म्हणजे घरातलं नसलेलं असं हे एकच यंत्र, सतरापैकी एक.

इथे बरेच जण त्या ओळीपुढचं ‘ब्लॉक’ बटण दाबतात. त्याने समाधान होतं, काम होत नाही. ब्लॉक होतो तो पत्ता, आणि फोनचा पत्ता बनावट असल्याने तो बदलणं पलीकडच्याच्या हातात आहे. काही फोनांत तर सेटिंगमधली एक पट्टी सरकवली की झालं. वायफायचं नाव लपवणं हा असाच एक लोकप्रिय आणि निरुपयोगी उपाय. ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याच्या फोनमध्ये नावही आधीच जतन असतं. अशा वेळी करण्याजोगी गोष्ट एकच, पासवर्ड बदलणं. बहिणीने तो बदलला आणि ती ओळ नाहीशी झाली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा मुलगा जिन्यात भेटला आणि म्हणाला, “काकू, तुमचं वायफाय गेलंय का?” लॉकडाउनमध्ये त्याची ऑनलाइन शाळा होती तेव्हा तिनेच पासवर्ड दिला होता.

गंमत वाटेल, पण घरगुती वायफायवर येणारा परका बहुतेक वेळा असाच येतो, आपण कधीतरी दिलेल्या पासवर्डाने. आता तर पासवर्ड सांगावाही लागत नाही. ज्याचा फोन एकदा जोडला गेला तो स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवून आणखी कुणालाही जोडू शकतो. तेव्हा ‘आम्ही कुणालाच सांगितलेला नाही’ या वाक्याला घरातल्या प्रत्येकाने दुजोरा दिला तरी फारसा अर्थ उरत नाही.

खरोखर न सांगता आत येणाऱ्याचे मार्ग दोन. पहिला आपल्याकडे फारच सोपा करून ठेवला आहे: वायफायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर. शेजाऱ्याला तो तसाही माहीत असतो. माहीत नसला तरी काढता येतो. फोन राउटरला जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती जवळच्या लॅपटॉपवर टिपून घेता येते, आणि मग घरी नेऊन संगणकाला एकेक पासवर्ड लावून पाहायला सांगायचं. आपला मोबाइल नंबर ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतो आणि पुढे नऊ आकडे, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं. गेम खेळायला घेतलेलं एखादं तगडं ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. ४०० कोटींना दहा लाखांनी भागा: ४००० सेकंद, तासाभराहून थोडा जास्त वेळ. इस्रायलमध्ये सायबरआर्क या कंपनीचे संशोधक इडो हूर्विच यांनी २०२१ साली तेल अवीवच्या रस्त्यांवर फिरून ५००० वायफायचे असे नमुने गोळा केले आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के पासवर्ड काढून दाखवले. सापडलेल्यांत सर्वांत मोठा गठ्ठा मोबाइल नंबरांचा होता. तिकडेही हीच सवय.

दुसरा मार्ग डब्ल्यूपीएस. राउटरवर एक छोटं बटण असतं, ते दाबून पासवर्ड न टाकता प्रिंटर वगैरे जोडता येतात. याच सोयीचा आठ आकडी पिनचाही एक प्रकार आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता व्हायला हव्यात. पण राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून हिशेबाने निघतो. त्यामुळे पहिल्या तुकड्याच्या दहा हजार आणि दुसऱ्याच्या एक हजार अशा फक्त ११ हजार शक्यता उरतात. ही खोट २०११ साली उघड झाली. नव्या राउटरांनी तिच्यावर इलाज केले आहेत, पण जुना डबा अजून कोपऱ्यात चालू असेल तर डब्ल्यूपीएस बंद करून टाकणं उत्तम. डब्ल्यूपीएसची पिन चालू ठेवून पासवर्ड कितीही अवघड केला तरी उपयोग नाही, कारण पिन लागली की राउटर स्वतःच पासवर्ड सांगून टाकतो.

पासवर्ड बदलायचा तर त्याला एक क्रम आहे, नाहीतर आठवडाभर घर कुरकुरतं. आधी राउटरच्या पानाचा, म्हणजे `admin` वाला पासवर्ड बदलावा. तो आणि वायफायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला अनेक घरांत अजून डब्याखालच्या स्टिकरवरचाच असतो. मग वायफायचा पासवर्ड, पंधराएक अक्षरांचा, घरच्यांना पाठ होईल अशा चार-पाच असंबद्ध मराठी शब्दांचा, रोमन लिपीत. राउटर डब्ल्यूपीए३ देत असेल तर ते निवडावं, कारण त्यात ती ‘टिपून घरी नेण्याची’ युक्ती चालत नाही. जुन्या वस्तू डब्ल्यूपीए३ला जोडल्या गेल्या नाहीत तर डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय असतो.

पासवर्ड बदलल्यावर यादी रिकामी होते, आणि हीच ओळख पटवायची खरी संधी असते. एक यंत्र जोडायचं, यादी ताजी करायची, नवी ओळ आली की राउटरमध्येच तिला नाव द्यायचं: ‘आईचा फोन’, ‘हॉल टीव्ही’, ‘गच्ची सोलर’. मग पुढचं यंत्र. बल्ब, बेल, कॅमेरे, सोलर अशा वस्तूंसाठी राउटरचं गेस्ट वायफाय वेगळ्या पासवर्डाने चालू करून त्यावरच ठेवावं. पाहुण्यांनाही तेच द्यावं. फोनांची बनावट पत्त्याची सोय मात्र घरच्या वायफायपुरतीही बंद करू नका असं सांगणारे आहेत. माझं मत वेगळं आहे. घराच्या भिंतीत कुणी आपला माग काढत नाही, तेव्हा घरच्या वायफायसाठी तेवढा खरा पत्ता ठेवला तर यादी कायमची वाचण्याजोगी राहते. बाहेरच्या वायफायना ती सोय चालूच ठेवावी.

फुकट इंटरनेट वापरणारा शेजारी तसा निरुपद्रवी वाटतो. पण बाहेरच्या जगाला घरातली सगळी यंत्रं एकाच पत्त्यामागे दिसतात, आणि तो पत्ता कनेक्शन ज्याच्या नावावर त्याचा. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटं आधी प्रसारमाध्यमांना आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी पोचले होते. ईमेल त्याच्या वायफायवरून गेला होता, त्याने पाठवला नव्हता. वायफायला पासवर्ड नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघड्या वायफायचा शोध घेत गस्तही घातली होती. अनोळखी माणूस खरोखर आत आल्याची खात्री झाली आणि त्याने काही उद्योग केल्याची शंका असेल, तर पासवर्ड बदलण्याआधी यादीचे तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवावेत. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांखाली गुन्हा ठरू शकतो. तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते, पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच.

आणि एवढं सगळं करून यादी स्वच्छ दिसली, तरी तिला काय दिसत नाही हे माहीत हवं. इंटरनेटच्या बाजूने आत आलेला माणूस या यादीत नसतोच, कारण तो वायफायला जोडलेलाच नाही. कॅमेऱ्याचा पासवर्ड फोडून कुणी परदेशात बसून तुमचा हॉल पाहत असेल, तर यादीत दिसेल तो तुमचाच कॅमेरा, ओळखीच्या नावाने. आणि राउटरच ताब्यात गेला असेल तर यादीतून काहीच कळणार नाही. २०१८ मध्ये एक लाखाहून अधिक राउटर, त्यातले बहुतेक ब्राझीलमधले, अशा तऱ्हेने बिघडवले गेले. सोपे `admin` पासवर्ड ओळखून आत शिरायचं, राउटरची डीएनएसची नोंद बदलायची, आणि बँकेचं नाव टाइप केलं की माणूस खोट्या बँकेच्या पानावर जाईल अशी व्यवस्था करायची.

म्हणून यादी पाहून झाली की त्याच पानावर ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’ भागात जाऊन डीएनएसची ओळ पाहावी, आणि ‘डीएचसीपी’ भागातही, कारण घरातल्या यंत्रांना तिथलाच पत्ता वाटला जातो. तिथे ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं असेल, किंवा `8.8.8.8`, `1.1.1.1` असे गुगल वा क्लाउडफ्लेअरचे माहीत असलेले आकडे असतील तर ठीक. तुम्ही न टाकलेले भलतेच आकडे हाताने भरलेले दिसले तर ते कुणाचे आहेत हे आधी इंटरनेट कंपनीला विचारा. त्यांचे नसतील तर राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा आणि तो कोरा करा. मात्र टाचणी लावण्याआधी कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड कंपनीकडून लिहून घ्या. कोऱ्या राउटरला ते आठवत नाही, आणि रविवारी कस्टमर केअरचा फोन लागत नाही.